'करतो' की 'करतोय'? इंग्रजीच्या दोन वर्तमानकाळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. कुणी टॉवेलच्या कारखान्यातून थेट येतं, कुणी दुकान मुलाच्या हवाली करून येतं, काही ताई स्वयंपाक आटोपून येतात. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त प्रश्न प्रेझेंट सिंपल आणि प्रेझेंट कंटिन्युअस या दोन काळांवर येतात. शाळेत त्यांना साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ म्हणायचे. वर्गात नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत, म्हणजे वाचता वाचता तोंडाने म्हणता येतील.

दोन्ही वर्तमानकाळच आहेत, मग दोन कशाला लागतात?

मराठीलाही दोन लागतात आणि तुम्ही ते दिवसभर वापरता, फक्त तिकडे लक्ष जात नाही. शेजारच्या बाईंनी 'तुमचे मिस्टर काय करतात?' असं विचारलं की तुम्ही म्हणता, 'कारखान्यात काम करतात.' फोनवर बहिणीने 'दाजी काय करायलेत?' असं विचारलं की म्हणता, 'जेवायलेत.' पहिला प्रश्न व्यवसायाबद्दल होता आणि दुसरा या घडीबद्दल, हे तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आपल्या सोलापूरकडच्या बोलीत हा फरक फार ठळक ऐकू येतो. 'करतो' आणि 'करायलोय', 'जातो' आणि 'चाललोय' यांत गल्लत होत नाही. 'करतो' असेल तिथे इंग्रजीत प्रेझेंट सिंपल येतं: 'आय वर्क.' 'करतोय' किंवा 'करायलोय' असेल तिथे प्रेझेंट कंटिन्युअस येतं: 'आय ॲम वर्किंग.' बोलण्याआधी वाक्य मनात आपल्या बोलीत म्हणून बघा, पुस्तकी मराठीत नको. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच मिळतं. मराठीचा कान आपल्याला फसवतो अशा मोजक्याच जागा आहेत आणि खालचे बहुतेक प्रश्न त्याच जागांचे आहेत.

वाक्यात 'रोज' आलं की नेहमी साधा वर्तमानकाळच का?

जवळजवळ नेहमीच. जे पुन्हा पुन्हा घडतं, ज्याची सवय आहे किंवा ज्याचा नियम आहे, ते साध्या वर्तमानकाळात सांगतात. 'आय ओपन द शॉप ॲट नाईन.' 'वी ईट भाकरी एव्हरी डे.' 'वी गो टू द गड्डा यात्रा एव्हरी जानेवारी.' शेवटचं वाक्य जुलैमध्ये म्हटलं तरी बरोबरच आहे. यात्रा आत्ता चालू असण्याशी त्याचा संबंध नाही, दरवर्षी जाण्याशी आहे.

इथे जीभ अडखळते ती शेवटच्या 'स'वर. ही, शी किंवा एका माणसाचं नाव आलं की क्रियापदाला 'स' किंवा 'झ'चा आवाज जोडावा लागतो: 'ही वर्क्स', 'शी कुक्स', 'माय सन गोज'. प्रश्न आणि नकारात 'डझ' येतं आणि तो आवाज स्वतःकडे घेतं, म्हणून मूळ क्रियापद मोकळं राहतं. 'डझ ही वर्क हिअर?' बरोबर, 'डझ ही वर्क्स?' चूक. 'स' एकच आहे, तो एकाच ठिकाणी बसतो, असं मी वर्गात सांगते.

'मी रोज सकाळी फिरायला जात असतो' हे कसं म्हणायचं? त्यात 'जात' आहे, म्हणून मी 'आय ॲम गोइंग' म्हणतो.

ही फसवी जागा आहे. 'जात आहे' आणि 'जात असतो' दिसायला भावंडं, पण अर्थाने वेगळी. 'असतो' आलं की ती सवय झाली. म्हणून 'आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग.' 'आय ॲम गोइंग फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, हे अलीकडेच सुरू झालंय, बहुधा डॉक्टरांनी सांगितलंय.

'जात असतो'ला कंटिन्युअस शोभतो अशी एक जागा मात्र आहे. 'रात्री आठला फोन करू नका, तेव्हा आम्ही जेवत असतो.' इथे जेवण आठच्या आधी सुरू होऊन नंतरही चालणार असतं, फोन त्याच्या मधोमध येतो. म्हणून 'ॲट एट वी आर युज्वली हॅविंग डिनर' हे अगदी बरोबर आहे. सुरुवातीला एवढं बारीक पाहिलं नाही तरी चालेल. 'असतो' ऐकू आलं की साधा वर्तमानकाळ, एवढं धरून ठेवा.

मी चहा पीत बसलोय आणि तरी 'आय ॲम लर्निंग इंग्लिश' म्हणतो. या क्षणी तर मी शिकत नाहीये, मग हे चूक ना?

चूक नाही. 'आत्ता' म्हणजे फक्त हा क्षण नव्हे, 'सध्या'ही त्यातच येतं. काम सुरू झालंय, अजून संपलेलं नाही आणि कधीतरी संपणार आहे, अशा मधल्या काळासाठी कंटिन्युअस वापरतात. मराठीतही चहा पीत पीतच आपण सांगतो, 'सध्या इंग्रजी शिकतोय.'

मग तात्पुरतं म्हणजे किती दिवस? महिना, वर्ष?

दिवसांचं माप नाही. बोलणाऱ्याच्या मनात त्या गोष्टीला शेवट आहे की नाही, यावर ते ठरतं. वर्गातल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. त्या टॉवेलच्या कारखान्यात शिलाई विभागात आहेत. त्या महिन्यात माणसं कमी पडली म्हणून त्यांना पॅकिंगला बसवलं होतं. त्या म्हणाल्या, 'आय वर्क इन पॅकिंग.' ऐकणाऱ्याला कळलं ते एवढंच, की ताई पॅकिंगवाल्या आहेत. शिलाईचा अनुभव त्या एका वाक्यात बुडाला. त्यांना म्हणायचं होतं ते असं: 'आय वर्क इन द स्टिचिंग डिपार्टमेंट, बट धिस मंथ आय ॲम वर्किंग इन पॅकिंग.' एकाच वाक्यात दोन्ही काळ आले आणि दोघांनी आपापलं काम केलं. पहिल्याने त्यांचं खरं काम सांगितलं, दुसऱ्याने सध्याची सोय.

उलटंही होतं. कुणाचा मुलगा चार वर्षं पुण्याला शिकायला असतो. आईसाठी तो काळ तात्पुरता आहे, कारण शिक्षण संपलं की तो परत येणार. तिने 'माय सन इज स्टडीइंग इन पुणे' म्हणणं योग्यच आहे. तिथेच नोकरी लागून तो कायमचा स्थायिक झाला की 'माय सन लिव्ज इन पुणे'.

'लिव्ज'वरून आठवलं. राहतो ते 'लिव्ज', ऱ्हस्व इकार. गाडी सुटते ते 'लीव्ज', दीर्घ ईकार. ही दोन वर्गात रोज एकमेकांच्या जागी येतात.

मुलाखतीत मी सगळी वाक्यं 'आय ॲम'ने सुरू केली. कुठे चुकलं?

हा प्रश्न एका काकांचा आहे. पंचेचाळिशीतले, यंत्रमागावर बरीच वर्षं काढून सुपरवायझर झालेले. दुसऱ्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले आणि पाठ केलेली ओळख म्हणाले:

'आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर. आय ॲम वर्किंग ॲज अ सुपरवायझर. आय ॲम हॅविंग टू डॉटर्स. एव्हरी डे आय ॲम कमिंग ॲट एट. नाऊ आय लर्न कॉम्प्युटर.'

समोरच्या साहेबांनी विचारलं, 'मग तुमचं मूळ घर कुठे?' काका गोंधळले, कारण जन्म सोलापुरातला आणि घरही सोलापुरातच. प्रश्न आला तो त्यांच्या पहिल्याच वाक्यातून. 'आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर'चा अर्थ होतो 'सध्या सोलापुरात राहतोय', आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, की खरं घर दुसरीकडे असेल.

आम्ही वर्गात एकेक वाक्य आधी बोलीत म्हणून पाहिलं. 'मी सोलापुरात राहतो', म्हणजे 'आय लिव्ह इन सोलापूर.' 'मी सुपरवायझर म्हणून काम करतो', म्हणजे 'आय वर्क ॲज अ सुपरवायझर.' इथे 'आय ॲम वर्किंग' व्याकरणात चूक नाही, पण नोकरी हंगामी असल्यासारखी वाटते आणि मुलाखतीत ते नको. 'मला दोन मुली आहेत', म्हणजे 'आय हॅव टू डॉटर्स.' 'रोज आठला येतो', म्हणजे 'आय कम ॲट एट एव्हरी डे.'

राहिलं पाचवं. इथे काकांनी नेमका साधा काळ वापरला आणि नेमका इथेच कंटिन्युअस हवा होता. 'सध्या कॉम्प्युटर शिकतोय', म्हणजे 'आय ॲम लर्निंग कॉम्प्युटर्स.' 'आय लर्न'मधून नवीन काहीतरी सुरू आहे हे कळतच नाही आणि साहेबांना सांगण्यासारखी गोष्ट तीच होती. पाच वाक्यांत एकच 'आय ॲम' उरला आणि तो उठून दिसला.

'मला कळतंय' म्हणजे 'आय ॲम अंडरस्टँडिंग' का नाही? शेवटी 'तंय' तर आहे!

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इंग्रजीत काही क्रियापदं कंटिन्युअसमध्ये सहसा जात नाहीत: माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं, आठवणं, जवळ असणं. ही कामं नव्हेत, मनाच्या किंवा मालकीच्या स्थिती आहेत. पुस्तकांत त्यांची लांबलचक यादी असते आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही. मराठी माणसाला यादीची गरजही नाही, कारण मराठी ही वाक्यं बहुतेक वेळा 'मला'ने सुरू करते.

मला माहीत आहे: 'आय नो.' मला कळतंय: 'आय अंडरस्टँड.' मला पाणी हवंय: 'आय वाँट वॉटर.' मला आठवतंय: 'आय रिमेंबर.' मला आवडतं: 'आय लाईक इट.' मला वाटतं: 'आय थिंक.' वाक्य 'मला'ने सुरू होत असेल तर शेवटी 'तंय' असो वा 'आहे', इंग्रजीत साधा काळच घ्या. 'माझ्याकडे'लाही हेच लागू: माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव अ बाईक.'

काही इंग्रजी क्रियापदांना दोन अर्थ असतात, तिथेही हीच युक्ती चालते. 'मला वाटतं भाव वाढेल' म्हणजे 'आय थिंक', पण 'मी विचार करतोय' म्हणजे 'आय ॲम थिंकिंग'. 'मला दोन मुली आहेत' म्हणजे 'आय हॅव', पण 'मी जेवतोय' म्हणजे 'आय ॲम हॅविंग लंच'. 'मला दिसतंय' म्हणजे 'आय सी', पण 'मी उद्या डॉक्टरांना भेटतोय' म्हणजे 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो'. 'मला' होतं तिथे स्थिती, 'मी' आलं तिथे काम.

युक्तीची मर्यादाही सांगते. तब्येतीच्या काही वाक्यांत ती मोडते. 'मला बरं वाटतंय' हे 'आय फील बेटर' आणि 'आय ॲम फीलिंग बेटर' असं दोन्ही प्रकारे चालतं. 'मला ताप आहे' मात्र फक्त 'आय हॅव अ फीव्हर'.

पण टीव्हीवर, ऑफिसात सगळेच 'आय ॲम हॅविंग अ डाऊट' म्हणतात. मग आपणच का बदलायचं?

भारतात हे सर्रास बोललं जातं आणि समोरच्याला कळतंही, म्हणून कुणी म्हटलं तर हसू नका. परदेशातल्या ग्राहकाशी बोलताना, मुलाखतीत किंवा परीक्षेत मात्र ते चूक धरलं जातं. तुम्ही आत्ता शिकताच आहात, तर जिभेला पहिल्यापासून बरोबर वळण लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लागलेलं वळण सोडवायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे वर्गात रोज बघते.

हे वर्तमानकाळ आहेत, मग उद्याची गोष्ट त्यांत कशी सांगतात?

मराठीत सांगता तशीच. 'उद्या पुण्याला चाललोय' यात 'चाललोय' वर्तमानाचं आहे, पण गोष्ट उद्याची आहे. इंग्रजीतही 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो.' अट एकच, बेत खरोखर ठरलेला हवा. तिकीट काढलंय, वेळ घेतलीय, समोरच्या माणसाला कळवलंय. 'आय ॲम मीटिंग द बायर ऑन मंडे' म्हटलं की अर्थ होतो, त्या व्यापाऱ्यालाही सोमवार माहीत आहे. दिवस किंवा वेळ सांगायला विसरू नका. नुसतं 'आय ॲम मीटिंग द बायर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही या घडीला त्याच्यासमोर बसला आहात.

वेळापत्रकाचा मामला वेगळा. रेल्वे, एसटी, परीक्षा, वर्ग, सिनेमाचा खेळ यांची वेळ आपण ठरवत नाही, ती छापून आलेली असते. तिथे भविष्यासाठी साधा वर्तमानकाळ येतो. समजा गाडी उद्या सकाळी साडेसहाला आहे: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स थर्टी टुमॉरो.' मराठीतही आपण 'गाडी साडेसहाला सुटते' असंच म्हणतो.

आता दोन्ही एकत्र बघा. तुम्ही पुण्यातल्या भाच्याला फोन करताय: 'आय ॲम कमिंग टू पुणे टुमॉरो. द ट्रेन लीव्ज सोलापूर ॲट सिक्स थर्टी.' येण्याचा बेत तुमचा, म्हणून कंटिन्युअस. सुटण्याची वेळ रेल्वेची, म्हणून साधा काळ. स्वतःबद्दल 'आय गो टू पुणे टुमॉरो' म्हणू नका, तुम्ही म्हणजे गाडी नव्हे!

पाऊस कुणी ठरवत नाही. म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' होत नाही, तिथे 'इट विल रेन' किंवा 'इट इज गोइंग टू रेन' म्हणतात. तसंच मनात असलेलं पण अजून पक्कं न झालेलं काम. 'पुढच्या वर्षी घर बांधणार आहे', म्हणजे 'आय ॲम गोइंग टू बिल्ड अ हाऊस नेक्स्ट इयर.'

'थांबा, मी फोन करतो' याला 'आय कॉल यू' का म्हणत नाहीत? 'करतो' तर आहे.

कारण हे 'करतो' सवयीचं नाही. बोलता बोलता आत्ताच ठरवलं आणि समोरच्याला शब्द दिला. 'मी आणतो', 'मी बघतो', 'मी देतो उद्या' ही सगळी याच जातीची. इंग्रजीत इथे 'विल' लागतं: 'आय विल कॉल यू.' 'आय विल ब्रिंग इट.' दुकानात बसणाऱ्यांनी हे आधी पक्कं करावं, कारण गिऱ्हाइकाला दिवसभर हीच वाक्यं ऐकवायची असतात.

'दहा वर्षांपासून इथे काम करतोय' हे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स' ना?

नाही. 'किती काळापासून' आलं की हे दोन्ही काळ बाजूला ठेवावे लागतात. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स' असं होतं. तो वेगळा धडा आहे. तोवर दोन वाक्यं करून सांगा: 'आय वर्क हिअर. आय जॉइन्ड टेन इयर्स अगो.' काम निभतं आणि चूकही होत नाही.

मी 'आय ॲम गो' म्हणते, कधी 'आय गोइंग'. हे कसं सुटणार?

'आय ॲम गो' होतं ते 'मी' म्हणजे 'आय ॲम' असं डोक्यात बसल्यामुळे. 'मी' म्हणजे नुसतं 'आय'. 'ॲम' म्हणजे 'आहे'. तो शेवटच्या 'इंग'च्या जोडीने येतो, एक असेल तर दुसरा हवाच. (अर्थात 'आय ॲम अ टेलर', 'आय ॲम टायर्ड' यांत दुसरं क्रियापदच नाही, तिथे 'ॲम' एकटा असतो.) 'आय गोइंग' होतं ते 'आहे' गाळल्यामुळे, कारण 'चाललोय'मध्ये तो शब्दात विरघळलेला असतो आणि वेगळा ऐकू येत नाही. एकदा 'चाललो आहे' असं फोडून म्हणा, म्हणजे 'ॲम' आठवेल.

चूक स्वतःची स्वतः पकडायची असेल तर मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. एक मिनिट रोजच्या दिवसाबद्दल, एक मिनिट सध्या घरात काय चाललंय त्याबद्दल. मग ऐकताना फक्त 'इंग' मोजा. पहिल्या मिनिटात एकही नको, दुसऱ्यात बहुतेक वाक्यांत हवा. पहिल्या मिनिटात 'इंग' सापडला की ते वाक्य थांबवून बोलीत म्हणा, 'करतो' म्हणायचं होतं की 'करायलोय', आणि पुन्हा रेकॉर्ड करा. ते काका हे अजून रोज रात्री करतात. परवाच्या त्यांच्या पहिल्या मिनिटात दोनच 'इंग' निघाले.